४० कळ्या, १० फुलं: ख्रिसमस कॅक्टसच्या कळीगळीचं एक प्रकरण

शेजारच्या काकूंच्या ख्रिसमस कॅक्टसला त्या वर्षी ४० कळ्या लागल्या आणि फुलली त्यातली १०. कळीगळीची कारणं विचारली की तीन उत्तरं ठरलेली असतात: कुंडी हलवली असेल, थंड वारा लागला असेल, पाणी कमी-जास्त झालं असेल. तिन्ही बरोबर असतात. पण काकूंच्या झाडाच्या वाट्याला ही तिन्ही कारणं दोन-अडीच आठवड्यांत, एकमेकांत गुंतून आली. कशामुळे किती नुकसान झालं हे निदान थोडं तरी वेगळं करता येईल अशा दोन गोष्टी मात्र या प्रकरणात हाताशी होत्या. काकूंना कॅलेंडरवर बारीकसारीक नोंदी करायची सवय आहे, आणि त्याच झाडाच्या कटिंगपासून वाढवलेली एक धाकटी कुंडी मागच्या खोलीत जागची हललेली नव्हती.

झाड सहा-सात वर्षांचं, १५ सेंटिमीटर तोंडाच्या प्लॅस्टिकच्या कुंडीतलं. पेरांच्या कडांना टोकदार दाते होते, म्हणजे ते श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा या जातीच्या वंशातलं. जुना ख्रिसमस कॅक्टस, म्हणजे श्लुम्बर्गेरा बकलेयी हा संकर, त्याच्या पेरांच्या कडा गोलसर असतात आणि तो काही आठवडे उशिरा फुलतो. दोन्ही त्याच नावाने विकले जातात आणि कळ्या गाळण्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव सारखाच आहे, त्यामुळे पुढे मी फरक केलेला नाही.

वर्षभर ही कुंडी मागच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी असे. संध्याकाळनंतर तिथे कोणी जात नाही, दिवा लागत नाही, रात्री गारवा असतो. काकूंनी मुद्दाम काहीही न करता झाडाला जे हवं ते मिळत होतं. कळी धरायला या झाडाला सुमारे सहा आठवडे रोज १३ तासांच्या आसपास सलग अंधार आणि १५ अंशांच्या जवळपासची रात्र पुरते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक फांदीच्या टोकाला कळी दिसत होती. काही जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या, काही दोन सेंटिमीटरच्या आणि रंग धरलेल्या.

मग घरी पाहुणे यायचे ठरले. काकूंनी कुंडी दिवाणखान्यात आणली, बाल्कनीच्या दाराशेजारच्या स्टँडवर ठेवली, आणि जास्त कळ्यांची बाजू खोलीकडे यावी म्हणून ती अर्धी फिरवली. पाहुण्यांच्या गडबडीत दोन्ही कुंड्यांना जवळजवळ दोन आठवडे पाणी घालायचं राहिलं, त्यातला निम्मा काळ मोठी कुंडी दाराशी होती. कुंडी आणल्यावर आठवडाभरात पहिल्या कळ्या खाली दिसल्या. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आठ गळल्या.

काकूंनी मग जे केलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलं असतं. झाडाला तहान लागली असेल म्हणून रोज सकाळी एक कप पाणी सुरू केलं. त्याने फरक पडेना, तेव्हा तीन दिवसांनी कुंडी पलीकडच्या शोकेसवर हलवली. तिथे अंधार वाटला म्हणून दोन दिवसांनी परत दाराशी आणली. त्या सगळ्या खटाटोपाच्या आठवड्यात आणखी १८ कळ्या गेल्या. मी पाहायला गेले तेव्हा झाडावर १४ उरल्या होत्या आणि गळलेल्या सगळ्या काकूंनी एका वाटीत जमवून ठेवल्या होत्या. "अगं, टाकवेनात," असं त्या म्हणाल्या. त्या टाकल्या नाहीत हे फार बरं झालं.

वाटीतल्या कळ्या

कळी गळणं आणि कळी मोडणं किंवा सडणं यांत फरक असतो, आणि तो कळीच्या बुडाशी दिसतो. या झाडात कळी आणि शेवटचं पेर यांच्या सांध्यात पेशींचा एक पातळ थर असतो. झाडावर ताण आला की त्या भागात इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा परिणाम वाढतो, थरातल्या पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ विरघळू लागतो आणि कळी स्वतःच्या वजनाने किंवा जराशा धक्क्याने सुटते. म्हणून खऱ्या गळीत सुटलेली जागा गुळगुळीत आणि गोल असते. धक्का लागून मोडलेल्या कळीच्या बुडाशी फाटलेले धागे दिसतात. बुरशीने गेलेली कळी तपकिरी, मऊ आणि बऱ्याचदा करड्या लवेने भरलेली असते. किडीने खाल्लेली असेल तर भोक किंवा कुरतडलेली कड दिसते, आणि पिठ्या ढेकूण असेल तर सांध्यांत पांढरा कापसासारखा चिकट पदार्थ सापडतो.

वाटीतल्या जवळजवळ सगळ्या कळ्यांची बुडं गुळगुळीत होती. थोड्या सुकल्या होत्या, पण बऱ्याच अजून टवटवीत आणि रंगीत होत्या. म्हणजे झाडाने त्या स्वतः सोडल्या होत्या आणि सोडताना त्या मेलेल्या नव्हत्या. कीड, बुरशी, कोणाचा हात लागणं हे प्रश्न इथेच मिटले.

यातून दुसरी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते या प्रकरणात ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. तो थर मोकळा व्हायला वेळ लागतो. ताण आज आला तर कळी सहसा आज पडत नाही, काही दिवसांनी पडते. त्यामुळे कळी पडलेली पाहून कारण शोधताना त्या दिवसाकडे किंवा आदल्या दिवसाकडे बघून उपयोग नसतो, आठवडाभर मागे जावं लागतं. आणि आज केलेल्या उपायाचा निकाल उद्या दिसत नाही. काकूंनी पाणी वाढवलं तरी गळ थांबली नाही, म्हणून त्यांनी कुंडी हलवली. पण त्या दिवशी पडणाऱ्या कळ्या आधीच सुटायला लागलेल्या असणार. न चाललेला उपाय समजून त्यांनी दर दोन-तीन दिवसांनी नवा बदल केला, आणि झाडाला प्रत्येक बदल नव्याने सोसावा लागला.

कुंडीत काय चाललं होतं

कुंडी उचलल्यावर ती हलकी लागली. रोज कपभर पाणी घातलेली कुंडी हलकी लागायला नको होती. बशीत मात्र बोटभर पाणी होतं.

लाकडी काडी मातीत खोचून पाहिली. वरचे दोन-तीन सेंटिमीटर ओले, त्याखाली काडी कोरडी आणि स्वच्छ बाहेर आली, अगदी तळाशी पुन्हा ओल. मिश्रण पीट मॉसचं होतं. पीट एकदा पूर्ण वाळलं की आक्रसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी शोषायला नकार देतं. वरून घातलेलं पाणी मग पृष्ठभाग भिजवून कडेच्या फटीतून सरळ बशीत उतरतं. काकूंच्या रोजच्या कपातलं बरंचसं पाणी असं जात होतं. मधल्या मुळांना ते मिळत नव्हतं, आणि तळाची मुळं बशीतल्या पाण्यात बुडून होती.

पाणी कमी-जास्त होणं म्हणजे एक आठवडा कोरडा आणि दुसरा ओला, एवढंच आपण धरतो. इथे एकाच वेळी, एकाच कुंडीत, मधे दुष्काळ आणि तळाशी दलदल होती. अशा झाडाला अजून पाणी घालायचं की बंद करायचं, हे वरून बोट लावून कळूच शकत नाही.

पेरं थोडी लुळी आणि सुरकुतलेली होती, आणि हे लक्षण फसवं आहे. पाणी मिळालं नाही तरी पेरं सुरकुततात, आणि मुळं कुजली असतील तर पाण्यात राहूनही सुरकुततात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. कळ्यांवर असलेलं झाड कुंडीतून काढून मुळं तपासणं मला नको होतं. दुसरी परीक्षा सोपी आहे: माती नीट, मधपर्यंत भिजवायची आणि वाट पाहायची. काही दिवसांत पेरं भरून ताठ झाली तर मुळं जिवंत आहेत. माती ओली असूनही पेरं लुळीच राहिली तर मुळं गेली आहेत आणि मग कळ्यांची काळजी सोडून झाड वाचवायला लागायचं.

हे झाड वाळवंटातलं नाही, ही गोष्ट इथे उपयोगी पडते. त्याचं मूळ घर आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतली दमट जंगलं. तिथे ते झाडांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या खाचांत, कुजलेल्या पाल्याच्या मूठभर थरात वाढतं. तो थर वारंवार भिजतो आणि पाणी लगेच निथळून जातं. म्हणून त्याच्या बारीक मुळांना दीर्घ कोरडेपणही मानवत नाही आणि साचलेलं पाणीही. मातीला वाफसा असावा लागतो, आणि कळ्यांच्या दिवसांत तो टिकवावा लागतो. पेरांत साठलेल्या पाण्यावर झाड स्वतः आठवडेच्या आठवडे काढू शकतं, पण कळ्या हा त्याच्यासाठी सोडून देण्याजोगा खर्च असतो.

दाराशी

बाल्कनीच्या दाराखाली करंगळी जाईल एवढी फट होती. दिवसातलं कमाल आणि किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर मी दोन रात्री कुंडीच्या जागी ठेवायला सांगितला. संध्याकाळी हीटर चालू असताना तिथे २२ अंश होते, पहाटे ८. त्याच दोन रात्री मागच्या खोलीत पारा १४ ते १७ च्या बाहेर गेला नाही. कळ्यांवर असलेल्या या झाडाला १० अंशांच्या खालची रात्र धोक्याची धरतात, आणि इथे तर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत १४ अंशांची घसरण रोज होत होती. खोलीच्या मध्यावर टांगलेल्या घड्याळातलं तापमान काकू पाहत होत्या, ते १८ दाखवत होतं. थंड हवा जमिनीलगत आणि दाराच्या कडेने येते. ती कुंडीच्या उंचीवरच मोजायला हवी.

दाराकडची बाजू जवळजवळ उघडी पडली होती, त्यामुळे सगळा दोष वाऱ्याला देऊन मोकळं व्हावं असा मोह होता. पण काकूंनी कुंडी फिरवून ठेवली होती. दाराकडे आलेली बाजू आधीच कमी कळ्यांची होती, आणि उघडी दिसण्यात त्याचाही वाटा होता.

म्हणून वण मोजले. कळी सुटल्यावर पेराच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा फिकट वण राहतो आणि तो बरेच दिवस दिसतो. वण आणि उरलेल्या कळ्या मिळून कोणत्या बाजूला मुळात किती कळ्या होत्या हे कळतं. दाराकडच्या अर्ध्यात १४ होत्या, त्यातल्या १२ गेल्या. खोलीकडच्या अर्ध्यात २६ होत्या, त्यातल्या १४ गेल्या. म्हणजे थंडीचा फटका दिसतो, नक्की दिसतो. पण आडोशाच्या बाजूच्याही निम्म्याहून जास्त कळ्या गेल्या होत्या, आणि तिथे वाऱ्याचा थेट झोत पोचत नव्हता. त्या १४ कळ्यांचा हिशोब फटीवर लावता येत नाही.

धाकट्या कुंडीची साक्ष

मागच्या खोलीतली धाकटी कुंडी याच झाडाची, म्हणजे वाणाचा फरक नाही. तिला ११ कळ्या होत्या, दोन गेल्या. पाहुण्यांच्या काळात तिलाही पाणी मिळालं नव्हतं, आणि कुंडी लहान असल्याने ती लवकर वाळायला हवी होती. तरी तिने नऊ कळ्या धरून ठेवल्या.

यावरून कोरडेपणाला निर्दोष ठरवायचं का? मला तसं वाटत नाही. मागची खोली गार आहे, तिथे माती आणि पेरं दोन्हींमधून पाणी हळू जातं. हीटरच्या खोलीतला तेवढाच काळ झाडाला जास्त कोरडा पडतो. शिवाय काकूंना आठवण झाली तेव्हा धाकट्या कुंडीला त्यांनी नेहमीसारखं तांब्याभर पाणी एकदम घातलं, ते मधपर्यंत पोचलं. कपाकपाने पाणी फक्त मोठीला मिळालं, कारण काळजी फक्त मोठीची होती.

प्रकाशाचं काय? पूर्वेची खिडकी सोडून कुंडी आली ती काचेच्या दाराशी, म्हणजे उजेड फार कमी झाला नाही. फिरवल्याने मात्र पेरांची दिशा बदलली. शोकेसवरच्या दोन दिवसांत उजेड खूपच उतरला असणार. खिडकीपासून खोलीत दोन-तीन मीटर आत गेलं की तो किती घटतो याचा अंदाज डोळ्यांना येत नाही, कारण डोळे सावरून घेतात. कमी उजेडात झाडाचं अन्न कमी बनतं आणि कळ्या पोसण्याची ताकद घटते. दोन दिवसांचा परिणाम किती मानायचा हा प्रश्नच आहे, पण आधीच अडचणीत असलेल्या झाडाला तेही नको होतं.

काकूंच्या मनात आणखी दोन शंका होत्या. दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत दिवा असतो, त्याने कळ्या गेल्या का? नाही. लांब रात्र कळी धरण्यासाठी लागते. कळ्या दिसू लागल्यावर दिव्याचा तसा अडथळा राहत नाही. आणि टेबलावरच्या फळांनी? पिकणारी सफरचंदं आणि केळी इथिलीन सोडतात हे खरं, आणि बंद खोक्यात किंवा कपाटात ही जोडी नक्कीच महागात पडते. पण फटीतून वारा वाहणाऱ्या मोठ्या खोलीत, दूरच्या टेबलावरच्या चार फळांना मी संशयितांच्या यादीत घेतलं नाही.

माझा निष्कर्ष असा झाला. सुरुवात थंड पहाटांनी केली, आणि त्या वेळी माती कोरडी होती म्हणून फटका आडोशाच्या बाजूलाही बसला. दुसऱ्या आठवड्यातल्या १८ कळ्यांपैकी काही पहिल्याच ताणाने सुटायला लागलेल्या होत्या, उशिरा पडल्या एवढंच. बाकीच्यांना वाचण्याची संधी होती, ती मधे न पोचणाऱ्या पाण्याने आणि पुन्हा पुन्हा हलवण्याने गेली. कुंडी हलवणं हे एकटं कारण म्हणून मी सगळ्यांत खाली ठेवते. हलवताना त्यासोबत काय काय बदललं, नुकसान त्याने केलं.

काय केलं

पहिला प्रश्न जागेचा होता. हलवणं वाईट म्हणून आठ अंशांच्या झोतात ठेवायचं, की आणखी एकदा हलवायचं? मी हलवायच्या बाजूने होते, पण एकदाच, आणि जिथलं तापमान आणि उजेड माहीत आहे अशाच ठिकाणी. कुंडी मागच्या खोलीत जुन्या जागी गेली. पूर्वी खिडकीकडे असलेली बाजू पुन्हा खिडकीकडे केली आणि कुंडीच्या काठावर खडूने खूण केली, म्हणजे झाडून-पुसून घेताना उचलली तरी दिशा चुकायला नको.

मग पाणी. वरून घालून उपयोग नव्हता, म्हणून खोलीच्या तापमानाच्या पाण्याची बादली घेऊन कुंडी निम्म्या उंचीपर्यंत त्यात ठेवली. सुरुवातीला ती तरंगू पाहत होती, इतकी हलकी होती. अर्ध्या तासाने वरची माती खालून येणाऱ्या पाण्याने गडद झाली, तेव्हा काढून पूर्ण निथळू दिली आणि बशी रिकामी करून पुसून ठेवली. निथळलेल्या कुंडीचं वजन काट्यावर १३०० ग्रॅम भरलं. पुढचं पाणी ९५० च्या आसपास उतरल्यावर, आणि तेव्हा सावकाश, तळातून निथळेपर्यंत. हे आकडे त्या एका कुंडीचे. दुसऱ्या कुंडीला तिचं भिजलेलं वजन वेगळं मोजावं लागेल. हाताने उचलूनही महिनाभरात अंदाज बसतो, पण काकूंना काटा आवडला, कारण त्यात रोज काहीतरी करायला मिळतं आणि पाणी मात्र घालावं लागत नाही.

खत नाही, कुंडी बदलणं नाही, फवारणी नाही. पाण्याचा फवारा मारल्याने हवेतला ओलावा काही मिनिटांपुरता वाढतो आणि कळ्यांच्या सांध्यांत पाणी बसतं, एवढाच त्याचा परिणाम.

आणि एक गोष्ट काकूंना आधीच सांगून ठेवली, की यानंतरही आठवडाभर कळ्या पडतील. सुटायला लागलेला सांधा पुन्हा जुळत नाही. ते सांगितलं नसतं तर चौथ्या दिवशी कुंडी पुन्हा कुठेतरी गेली असती. तशा चार पडल्याच. पण त्याच काळात पेरं ताठ झाली, म्हणजे मुळं शाबूत होती, आणि नंतर गळ थांबली. उरलेल्या दहाही फुलल्या.

पुढच्या वर्षी

काकूंना झाड दिवाणखान्यात हवंच होतं, आणि मला हलवण्याचा वाटा वेगळा पाहायचा होता. दोघींच्या सोयीचं ठरलं ते असं: मोठी कुंडी मागच्या खोलीतच राहील आणि पहिली फुलं उमलल्यावरच पुढे येईल. धाकटी कुंडी कळ्या लागलेल्या अवस्थेत, आदल्या वर्षीच्याच सुमाराला, त्याच स्टँडवर जाईल. फरक इतकाच की दाराखालची फट फोमच्या पट्टीने बंद केली, खुणेची बाजू उजेडाकडेच ठेवली आणि पाणी काट्यावर मोजून घातलं. थर्मामीटरवर त्या जागेचं पहाटेचं तापमान १३ च्या खाली गेलं नाही.

धाकटीच्या १६ कळ्यांपैकी तीन गळल्या. मोठीच्या ३७ पैकी दोन. इतक्या लहान आकड्यांवर फार भार टाकता येत नाही, आणि हीटरची कोरडी हवा धाकटीला लागली ती मोठीला नाही. तरी आदल्या वर्षी ४० पैकी ३० गेल्या होत्या, त्याच्या शेजारी ठेवलं तर नुसत्या हलवण्याची किंमत थोडीच दिसते. तीन-चारशे कळ्या धरणाऱ्या एखाद्या जुन्या झाडाच्या थोड्या कळ्या काहीही न बिघडता गळतात, तेव्हा दोन-तीनचा आकडा शून्यावर आणायच्या मागे मी लागत नाही.

एक भाग सुटायचा राहिला. थंडी आणि कोरडेपणा यांतलं कोण किती जबाबदार, हे पाहायला एक कुंडी नीट पाणी देऊन मुद्दाम त्या फटीच्या झोतात ठेवावी लागेल. काकूंना विचारलं. "तुझ्याकडची ठेव," म्हणाल्या.